उत्तराचे पत्र : सैनिकाने बायकोला लिहिलेल्या साध्या मराठीविषयी

मराठीत विरहाला आवाज आहे तो बहुतेक बाईचा. ज्ञानेश्वरांच्या विराण्या, शाहिरांच्या विरहाच्या लावण्या, जात्यावरच्या ओव्या या सगळ्यांत वाट पाहणारी बोलते आणि ज्याची वाट पाहिली जाते तो गप्प असतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत नवऱ्याला, भावाला, लेकाला उद्देशून किती बोलले गेले आहे हे पाहिले की मनात येते, याची उत्तरे कुठे गेली? दळता दळता बाई जे विचारत होती, त्यावर दूर गेलेल्या पुरुषाने काही म्हटले की नाही?

म्हटले असेल तर ते पत्रात. लढाईवर वा सरहद्दीवर असलेल्या शिपायाने घरून आलेल्या पत्राला लिहिलेले उत्तर हा मराठी गद्याचा एक स्वतंत्र प्रकार मानायला हवा, असे मला वाटते. आपल्या पत्रवाङ्मयाच्या चर्चेत तो आलेला नाही. साने गुरुजींनी पुतणी सुधा हिला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ आपण वाचतो, अनिल आणि कुसुमावती यांचा ‘कुसुमानिल’ वाचतो. ही लिहिणाऱ्या माणसांची पत्रे आहेत. एरवी कधी लेखणी न धरणाऱ्या माणसाने केवळ बायकोने काही विचारले म्हणून जे लिहिले, ते आपण साहित्य म्हणून तपासलेले नाही. या लेखात तेच करून पाहायचे आहे. भर ‘उत्तर’ या शब्दावर आहे. हे पत्र आपणहून सुचलेले नसते. ते कुणाच्या तरी प्रश्नांनी घडवलेले असते, आणि त्याची भाषा, त्याचा क्रम, त्याचा हळुवारपणा हे सगळे त्यातून येते.

बूलोनचे दफ्तर

अशा पत्रांचा एक मोठा संग्रह एका विचित्र कारणाने तयार झाला. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी पलटणी फ्रान्समध्ये उतरल्या. त्यांत पंजाबी, पठाण, गढवाली, गुरखे होते. किरकीच्या सॅपर्स-मायनर्समधले मराठेही होते, आणि त्यांच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेलच्या लढाईत उतरल्या. या सैनिकांच्या टपालातून बंडखोरीचा मजकूर जात-येत असेल, या धास्तीने सरकारने त्यावर तपासनीस बसवला. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला ई. बी. हॉवेल हा त्या कचेरीचा प्रमुख. कचेरी पुढे बूलोन बंदरात होती. मार्च १९१५ च्या सुमारास फ्रान्समधले हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते. ती सगळी वाचणे अशक्य होते. म्हणून काही उघडायची, त्यांतले निवडक उतारे इंग्रजीत करायचे आणि अहवालाला जोडून वरिष्ठांकडे पाठवायचे, अशी पद्धत पडली. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतली सहाशेहून अधिक पत्रे निवडून १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. बहुतेक उर्दू, गुरुमुखी, हिंदीतली आहेत. मराठीतली थोडी.

पण ‘मराठीतली’ म्हणताना थबकावे लागते. कारण मूळ पत्र पुढे रवाना होई आणि दफ्तरात राही तो इंग्रजी उतारा. म्हणजे मराठी शिपायाचे शब्द सातारा-रत्नागिरीकडच्या कुठल्या तरी घरी पोचले, तिथे वाचले गेले, आणि बहुधा एखाद्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ले. राहिला तो सरकारी कामासाठी केलेला अनुवाद. ऐतिहासिक पुरावा म्हणून तो मोलाचा आहे. साध्या मराठीच्या अभ्यासकाला मात्र त्यातून नेमकी हवी ती गोष्ट मिळत नाही.

काय हरवले ते नेमके सांगता येते. इंग्रजीत समोरच्याला संबोधणारा शब्द एकच आहे. त्यामुळे मूळ वाक्य आईला उद्देशून होते की बायकोला, बापाला मान देऊन लिहिले होते की बायकोला एकेरीत, हे वाक्यावरून कळत नाही. मराठीत ‘तू लिहिलंस’ आणि ‘तुम्ही लिहिलंत’ या दोहोंत सगळे घर मावते. दुसरे, ‘काळजी’, ‘घोर’, ‘चिंता’, ‘जिवाला लागणे’ या सगळ्यांना अनुवादात बहुधा एकच शब्द येतो. ‘घोर’ म्हणणारा माणूस आणि ‘चिंता’ म्हणणारा माणूस एकाच शाळेतला नसतो. ‘चिंता’ पोथीतून येते, ‘घोर’ स्वयंपाकघरातून. तिसरे, बायकोला नावाने हाक न मारता ‘अगं’ म्हणणे. त्या दोन अक्षरांत जे आहे त्याला इंग्रजीत जागाच नाही. तेव्हा बूलोनचे दफ्तर आपल्याला मराठी शिपायाने काय म्हटले ते थोडेफार सांगते. कसे म्हटले, ते सांगत नाही. आणि या प्रकारात ‘कसे’ हाच मजकूर असतो.

मायन्याची अडचण

‘कसे’ समजून घ्यायचे तर मायन्यापासून सुरुवात करावी लागेल. जुन्या मराठी पत्राचा सांगाडा पक्का होता. वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’, धाकट्यांना ‘चिरंजीव’ आणि ‘आशीर्वाद’, मग ‘वि. वि.’, ‘इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’, ‘पत्रास कारण की’, शेवटी ‘लोभ असावा’. या सांगाड्यात प्रत्येक नात्याला जागा आहे. बायकोची जागा अवघडलेली आहे. नवरा तिला ‘सौ. अमुक हिस अनेक आशीर्वाद’ असे लिही. म्हणजे ती धाकट्यांच्या रांगेत. मायन्यात आशीर्वाद आहे, पण ओढ नाही. ओढीसाठी ठरलेला शब्दच नाही.

त्यात खेड्यातली रीत अशी की कित्येक घरांत बायकोला वेगळे पत्र जातच नसे. पत्र वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे. त्यात शेवटी एक ओळ, ‘घरात आशीर्वाद सांगणे’. ‘घरात’ म्हणजे बायको. ‘कुटुंब’ आणि ‘मंडळी’ हे शब्दही याच कामाचे. वेगळे पत्र गेलेच तरी ते तिच्या हाती एकटीच्या पडत नसे. पोस्टमन पडवीत द्यायचा. तिला वाचता येत नसेल तर शाळेत जाणारा पुतण्या मोठ्याने वाचायचा, आणि सासू-सासरे, दीर-जावा ऐकायच्या. तिचे पत्रही त्यानेच लिहिलेले. तिकडे शिपायाला लिहिता येत नसेल तर पलटणीतला एखादा जोडीदार लिहून देई. त्याच्या वरती पलटणीतला साहेब वाचे, आणि युद्धकाळात तपासनीसही.

म्हणजे एका माणसाने एका बाईला सांगायची गोष्ट पाच-सहा जणांच्या कानांवरून जायची. अशा वाटेवर उघड प्रेमाचा शब्द टिकत नाही. टिकतो तो कुणाच्याही कानावर पडला तरी चालेल असा शब्द, म्हणजे बैलाविषयीचा, भाताविषयीचा, आईच्या डोळ्यांविषयीचा. या पत्रांचा साधेपणा शिपायाच्या भोळेपणातून आला असे आपण सहज धरून चालतो. मला तो निम्मा गर्दीतून आलेला दिसतो. गर्दीत जे बोलता येते तेवढेच बोलायचे आणि त्यातच बाकीचे भरायचे, ही एक कसबाची गोष्ट आहे.

हे कसब मराठीला नवे नाही. पानिपतच्या नाशाची पहिली बातमी दक्षिणेत आली ती मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबाच्या भाषेत, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. दीडशे वर्षांनी फ्रान्समधल्या हिंदी शिपायांनी तेच केले. काळी मिरी आणि लाल मिरची यांच्या साठ्याविषयी लिहायचे आणि त्यातून हिंदी नि गोऱ्या सैनिकांची स्थिती कळवायची. तपासनिसालाही ते कळत होते. दोन्हीकडे युक्ती एकच, संकट घरगुती हिशेबाच्या शब्दांत गुंडाळायचे. बायकोच्या पत्रात हेच उलट्या दिशेने होते. तिथे घरगुती हिशेब खराच असतो, आणि त्यात गुंडाळलेली असते ती ओढ.

एक नमुना

मूळ पत्रे खासगी ट्रंकांत आहेत आणि ती ज्यांची आहेत त्यांची आहेत. कुणाचे पत्र इथे छापण्याऐवजी प्रकाराचे सगळे विशेष एकत्र दिसावेत म्हणून मी एक नमुना बांधला आहे. तो कुणा एकाचा नाही, आणि पुरावा म्हणून तो वाचू नये. काळ १९७० नंतरचा धरला आहे, गाव मुरबाड तालुक्यातले म्हसा. या गावाची निवड मुद्दाम केली. पौष पौर्णिमेला तिथे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते आणि बैलांचा मोठा बाजार लागतो. त्यामुळे तिथल्या कुणब्याच्या घरात वर्षाचा एक हिशेब तरी जत्रेच्या तारखेला बांधलेला असतो. पत्र पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र नकाशावर सापडणार नाही. ‘मार्फत ५६ ए. पी. ओ.’ एवढाच तो असतो. सैनिकी टपालाची रचनाच अशी, की पलटण कुठे आहे हे पाकिटावरून कळू नये.

‘सौ. हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. कार्तिकी एकादशीला लिहिलेलं होतं, म्हणजे सोळा दिवस लागले. पुतण्याचं अक्षर आता वाचता येतं, त्याला सांग.

इथे थंडी किती ते विचारलंस. थंडी आहे. तू विणलेला मफलर आतून घालतो. वरून सरकारी कोट असतो, त्यामुळे कुणाला दिसत नाही.

भात झोडून झालं ते बरं झालं. पेंढा सगळा विकू नको, गुरांपुरता ठेव. पांढऱ्या बैलाचा पाय सुजला असेल तर गाडीला जुंपू नको. दादा त्याला जत्रेत विकायचा म्हणतो, तर त्याला विचार की मग दुसऱ्याचं काय. जोडीतला एक गेला की दुसरा कामाचा राहत नाही. आईचे डोळे कल्याणला दाखवून आणा. मनीऑर्डर केली आहे, त्यातून आधी ते करा.

तू लिहिलंस की रात्री झोप लागत नाही, कुत्रं भुंकलं की उठून बसतेस. कुत्र्याला पडवीत बांध. पहाऱ्यावर असलो की मीपण जागाच असतो. तू जागी असलीस तर दोघं जागे आहोत असं समज.

कधी येणार ते विचारू नको असं नाही, विचार. पण मला माहीत नाही. रजा मिळाली की तार करीन. जत्रेला येता येईल असं वाटत नाही. पोरीला बांगड्या घे. तुलापण घे. मागच्या वेळी मी आणलेल्या तुला मोठ्या झाल्या होत्या.

काळजी करू नको असं मी लिहीत नाही. लिहिलं तरी तू करणार. जेवून कर.

आईला, दादाला नमस्कार. लगेच उत्तर दे.’

तिचे पत्र

या पत्रातून पहिल्यांदा दिसते ते तिचे पत्र. ते आपल्यासमोर नाही, तरी जवळजवळ पुरे वाचता येते. थंडी किती आहे? भात झोडून झाले. बैलाचा पाय सुजला आहे आणि मोठे दीर त्याला विकायला निघाले आहेत. सासूला नीट दिसत नाही. मला झोप लागत नाही. तुम्ही कधी येणार? पुरुषाने बायकोची पत्रे जपून ठेवल्याची शक्यता कमी. छावणी हलते, सामान वजनावर मोजलेले असते, पत्रे जाळली जातात किंवा भिजतात. घरी ट्रंकेत राहतात ती त्याची. त्यामुळे उत्तराच्या पत्राचे एक मोठे काम आपल्या हातून राहून गेले आहे. बायकांच्या हरवलेल्या पत्रांची ती एकमेव नक्कल आहे. जात्यावरच्या ओवीत जी बाई सर्वांसाठी गाते, तीच इथे एकाला उद्देशून, ठरावीक तारखेला, ठरावीक बैलाविषयी बोलते. ऐकू येते मात्र त्याच्या तोंडून.

दुसरी गोष्ट क्रम. तो तिच्या पत्राच्या क्रमानेच उत्तर देतो असे आपण धरू शकतो, कारण पत्र समोर उघडून एकेका ओळीला उत्तर देण्याची सवयच असते. तेव्हा क्रम तिचा आहे. तिने आधी थंडी विचारली, मग शेत, मग बैल, मग सासू. हे सगळे पुतण्याला सांगून लिहवून घेण्यासारखे. झोप लागत नाही हे तिने शेवटाकडे सांगितले, आणि ‘कधी येणार’ अगदी शेवटी. लिहून घेणाऱ्या मुलापुढे हे शब्द काढायला तिला चार हिशेब ओलांडावे लागले. तो उत्तर देताना ते हिशेब गाळत नाही. झोपेच्या ओळीवर थेट उडी मारली असती तर पडवीत वाचताना ती ओळ सर्वांसमोर उघडी पडली असती. बैल आणि डोळे यांच्या पाठोपाठ आली म्हणून ती झाकली गेली. कामाच्या मजकुराची रास ही अशा पत्रात आडोशाचे काम करते.

तिसरी गोष्ट उत्तराचा स्वभाव. ‘झोप लागत नाही’ याला त्याचे पहिले उत्तर आहे, कुत्र्याला पडवीत बांध. हे कोरडे वाटेल. पण तिने भीती शब्दात न सांगता कुत्र्याच्या भुंकण्यातून सांगितली आहे, आणि तोही भीतीचे नाव न घेता कुत्र्याची सोय लावतो. त्यानंतरच तो दुसरे वाक्य लिहितो, आणि त्यात आपण जागे असतो हे सांगतो. इथे सैनिकी कामाविषयी त्याने पुऱ्या पत्रात उघड केलेली एकच गोष्ट आहे, पहारा. ती सांगताना शौर्य मधे येत नाही. पहारा येतो तो तिच्या जागरणाला सोबत म्हणून. स्थळ, शत्रू, हालचाल लिहिण्याला बंदी आहे, तेव्हा त्याच्याकडे स्वतःविषयी सांगण्यासारखे उरते फारच थोडे: थंडी, मफलर, जागरण. बंदीमुळे पत्र घराकडे वळते. तो जिथे आहे तिथले काही दिसत नाही, आणि जिथे नाही तिथला पेंढासुद्धा दिसतो.

बैलाच्या ओळीत टीकाकाराला मोह होतो. जोडीतला एक गेला की दुसरा कामाचा राहत नाही, हे नवरा-बायकोविषयीच आहे असे म्हणून टाळी घेता येते. मी तो मोह आवरता घ्यावा असे म्हणेन. बैलाविषयीचे वाक्य आधी बैलाविषयीच असते. जोडी सरावाने जुळते. उंची, चाल आणि ओढ सारखी असलेला दुसरा बैल शोधायला पैसे आणि हंगाम दोन्ही जातात, म्हणून एकटा विकायचा की दोन्ही, हा खरा व्यवहाराचा प्रश्न आहे. वाक्य व्यवहारात पक्के उभे आहे म्हणूनच ते ऐकणाऱ्या बाईच्या मनात आणखी काही हलवू शकते. ते हलले की नाही हे आपल्याला कळायची सोय नाही, आणि त्यालाही ते अभिप्रेत असेलच असे नाही. प्रतीक म्हणून लिहिलेला बैल लगेच ओळखू येतो. त्याचा पाय सुजत नाही.

खरे आणि बनवलेले

यावरून एक कसोटी हाती येते. शाळेत आपण सगळ्यांनी ‘सैनिकाचे मनोगत’ हा निबंध लिहिला आहे. वृत्तपत्रांत, कार्यक्रमांत, पडद्यावर सैनिकाचे म्हणून जे पत्र वाचले जाते ते बहुतेक त्या निबंधाचे भावंड असते. त्यात बर्फ असते, तिरंगा असतो, ‘प्रिये’ असते आणि शेवटी मरणाची तयारी असते. त्यात खोटे काय आहे? भावना खोटी आहे असे म्हणता येत नाही. खोटे आहे ते नाते. अशा पत्रात बायकोने काहीही विचारलेले नसते. पत्र तिच्या नावे असते, पण बोलणे देशाशी चाललेले असते. ती केवळ पत्ता असते.

खऱ्या उत्तराच्या पत्रात ‘तू लिहिलंस’, ‘तू विचारलंस’, ‘तुझं अमुक तारखेचं मिळालं’ ही वाक्ये पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या वस्तूंना माप असते, आणि सूचना अशा असतात की दुसऱ्या दिवशी उठून कराव्या. वाचताना ही वाक्ये मोजावीत. पानभर पत्रात तिचा एकही प्रश्न ऐकू येत नसेल तर ते पत्र कुणीतरी तिसऱ्यासाठी लिहिले आहे, असे धरायला हरकत नाही. अर्थात कसोटीला मर्यादा आहे. घाईत लिहिलेले चार ओळींचे खुशालीपत्र, किंवा मनीऑर्डरच्या फॉर्मवरच्या अरुंद जागेत कोंबलेला मजकूर यांत प्रश्नोत्तर मावत नाही, तरी ते खरेच असते. तिथे रक्कम हेच उत्तर असते.

आपल्या दूतकाव्याच्या परंपरेशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. ‘मेघदूता’तला यक्षही एका अर्थी चाकरीच्या कारणानेच घरापासून तुटलेला. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके यांनी त्याला मराठीत आणले, म्हणजे मराठी कवीला त्याची ओढ जबर. पण यक्ष उत्तर देत नाही. बायको काय करीत असेल, कशी कृश झाली असेल, हे तो कल्पनेने रंगवतो. तिच्याकडून त्याला काही कळलेले नाही. शिपायाला कळलेले असते. बायको झोपत नाही हे त्याला कल्पनेने रंगवावे लागत नाही, पुतण्याच्या वळणदार अक्षरात ते समोर असते. कल्पनेला तिथे काम उरत नाही, म्हणून अलंकारही उरत नाही. उरते ते तिच्या बोलण्याला लागून बोलणे.

सोळा दिवस

या प्रकाराचे सर्वांत अवघड अंग म्हणजे वेळ. उत्तर पोचते तोवर प्रश्न जुना झालेला असतो. नमुन्यातल्या पत्राला येताना सोळा दिवस लागले, जाताना तितकेच धरा. म्हणजे तिला ‘कुत्र्याला पडवीत बांध’ हे ऐकायला मिळते ते ती जागी राहिल्याच्या महिन्याने. बैल विकला गेला असेल, पाय बरा झाला असेल, कदाचित तो नसेलही. हे दोघांनाही ठाऊक असते. तरीही तो बैलाचा सल्ला देतो, कारण सल्ल्याचा उपयोग संपला तरी त्याचे काम संपत नाही. त्या घराच्या निर्णयात मी अजून आहे, एवढे त्यातून कळते.

युद्धात ही दरी काय करू शकते याचे मराठी घरांनी भोगलेले उदाहरण कूत-अल-अमाराचे आहे. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तिथे टाउनशेंडची फौज वेढ्यात होती आणि तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वेढ्यात अडकलेल्या माणसाचे नेहमीचे टपाल थांबते. त्यानंतर शरणागती आणि कैद. आधी टाकलेले पत्र उशिरा घरी पोचले तर त्यातले ‘मी खुशाल आहे’ हे वाक्य कुठल्या दिवसाचे समजायचे? वाचणाऱ्या घराला ते आजचे वाटते. म्हणून जाणते शिपाई पत्रात तारखा घालतात, तुझे कुठले पत्र मिळाले आणि कुठले नाही ते आधी सांगतात. आपल्याला तो मजकूर रुक्ष वाटतो. तिला त्यावरून, शेवटचे ‘खुशाल’ किती जुने आहे, हे मोजता येते.

याच कारणाने ‘काळजी करू नको’ हे वाक्य या प्रकारात सर्वांत कच्चे ठरते. ते कुठल्याही तारखेला, कुठल्याही प्रश्नाला चालते, म्हणून ते उत्तर होत नाही. ज्याला लिहिता येते तो ते टाळतो किंवा मोडतो. नमुन्यात तो तिच्या काळजीला हरकत घेत नाही. ती आहे हे मान्य करून तिला जेवणानंतरची वेळ नेमून देतो. बारा मैलांवरच्या माणसाला हे बोलायची गरज पडत नाही, तो सरळ ताट वाढायला सांगतो.

ट्रंकेतले कागद

फोन आल्यावर हा प्रकार संपला, आणि त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. सोळा दिवसांची दरी मिटली हे बरेच झाले. पण जी पत्रे लिहिली गेली त्यांतली बरीच अजून घरोघरी आहेत, आणि ती जाताहेत. कोकणपट्टीच्या दमट हवेत आंतर्देशीय पत्राचा निळा कागद घड्यांवर आधी फाटतो. ज्यांना ती ठेवायची आहेत त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पाकीट पत्रापासून वेगळे करू नये, कारण कुठले पत्र कुठल्याला उत्तर आहे हे त्यावरच्या शिक्क्याच्या तारखेवरून जुळवता येते. आणि पत्रे ‘महत्त्वाची’ निवडून बाकीची टाकू नयेत. बैलाचे, पेंढ्याचे, मनीऑर्डरचे पत्र हेच या प्रकारातले पहिल्या प्रतीचे पत्र असते.

छापायची की नाहीत, हे मात्र अभ्यासकाने ठरवू नये. बूलोनच्या कचेरीत बसलेल्या अनुवादकाने ती पत्रे राज्यासाठी वाचली, आपण वाङ्मयासाठी वाचू. वाचल्या जाणाऱ्या बाईच्या बाजूने पाहिले तर दोघांतला फरक फार मोठा नाही. तिने पुतण्याला सांगून चार हिशेबांच्या आड एक ओळ लपवली होती. ती ओळ कुणाला दाखवायची हे ती हयात असेल तर तिने, नसेल तर तिच्या मुलीने सांगावे. तोवर ट्रंकेचे झाकण लावलेले असले तरी चालेल. आत डांबराच्या गोळ्या तेवढ्या असाव्यात.